साठ सेंटिमीटरचा एक तास: दुसरीसाठी पुठ्ठ्याचं घड्याळ

पुठ्ठ्याचं घड्याळ म्हटलं की गोल कापायचा, कडेने बारा आकडे लिहायचे, मधोमध पिन टोचून दोन काटे अडकवायचे, झालं. मीही दुसरीच्या वर्गासाठी बरीच वर्षं असंच घड्याळ करत आले. मुलं त्यावर वेळ वाचायला शिकायचीही. पण "खेळ २:४० ला सुरू झाला आणि ४:१५ ला संपला, तर किती वेळ चालला?" असं विचारलं की घड्याळ बाजूला पडायचं आणि वहीत उभी वजाबाकी सुरू व्हायची. चारशे पंधरातून दोनशे चाळीस गेले, उरले १७५. उत्तर: १ तास ७५ मिनिटं.

यात मुलांची वजाबाकी बरोबरच आहे. चूक आहे ती तास साठ मिनिटांचा असतो हे विसरण्यात, आणि साध्या गोल घड्याळावर ते 'साठ' कुठे दिसतच नाही. तिथे दिसतात ते बारा आकडे. म्हणून आता मी घड्याळाच्या कडेला बरोबर ६० सेंटिमीटरची कागदी पट्टी गुंडाळते. एक सेंटिमीटर म्हणजे एक मिनिट. पट्टी कडेला असते तेव्हा घड्याळ वाचायचं, सोडवून जमिनीवर सरळ पसरली की किती वेळ गेला ते मोजायचं. पुढचं सगळं या पट्टीभोवती फिरतं.

आधी पट्टी, मग चकती

ड्रॉइंग पेपर किंवा कार्डपेपरची ६४ सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद पट्टी लागते. इतका लांब कागद नसेल तर २०, २० आणि २४ सेंमीचे तीन तुकडे टोकाला टोक लावून जोडा. दर सेंटिमीटरला खालच्या कडेपासून वर छोटी रेघ, दर पाचला लांब रेघ, आणि लांब रेघेच्या वर ०, ५, १० असं ६० पर्यंत लिहा. शेवटचे ४ सेंमी कोरे ठेवा, ते चिकटवण्यासाठी. रेघा मुलांकडून आखून घेऊ नका. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या साठ रेघा सारख्या अंतरावर येत नाहीत, आणि इथे सगळी भिस्त त्या अंतरावर आहे. एक पट्टी नीट आखा आणि तिच्या झेरॉक्स काढा. झेरॉक्स काढताना कागदावर बसवण्यासाठी मशीन मजकूर थोडा लहान करत नाही ना, हे पाहा. एकदा माझ्या २० सेंटिमीटरचे साडेएकोणीस झाले होते, आणि ते कळलं तीस प्रती काढून झाल्यावर. पहिल्या प्रतीवर फूटपट्टी ठेवून बघायला दहा सेकंद लागतात.

आता चकती. परीघ ६० सेंमी हवा, म्हणजे व्यास साधारण १९.१ सेंमी. कंपासमध्ये साडेनऊ सेंमी त्रिज्या घ्या आणि कापताना रेघेच्या किंचित बाहेरून कापा, माप बरोबर येतं. खोक्याचा पुठ्ठा एकेरी घेतला तर आठवड्यात वाकतो. दोन चकत्या कापून एकमेकींवर चिकटवा, पण एकीच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसरीच्या आडव्या येतील अशा. कात्रीने खोक्याचा पुठ्ठा कडेला चेपतो. कटरने, जोर न लावता, एकाच रेघेवरून तीन-चार वेळा फिरवून कापलेला गोल स्वच्छ निघतो. हे काम अर्थातच मोठ्यांनी करायचं.

पट्टी कडेभोवती गुंडाळून बघा. ६० ची रेघ ० च्या रेघेवर येऊन बसली पाहिजे. मधे फट राहिली तर चकती मोठी आहे, कड पॉलिश पेपरने घासा. ६० पुढे सरकून ० ला झाकत असेल तर चकती लहान आहे, कडेला कागदी टेपचा एखादा वेढा द्या.

आता एक गंमत सांगते, ज्यात माझं पहिलं घड्याळ वाया गेलं. पट्टी सहज हाताला येईल तशी, आकड्यांची डोकी चकतीच्या दर्शनी बाजूला ठेवून गुंडाळली, तर मिनिटं उलटी फिरतात. ५ मिनिटांची खूण अकरावर येते. कागदावर डावीकडून उजवीकडे जाणारी गोष्ट गोलाच्या बाहेरून लावली की समोरून बघताना उलट दिशेने जाते. म्हणून आकड्यांचे पाय दर्शनी बाजूला हवेत. पडताळा सोपा आहे: घड्याळ तोंडासमोर उभं धरा आणि वरून, बाराच्या बाजूने, कडेवर नजर टाका. आकडे सरळ वाचता आले आणि डावीकडून उजवीकडे वाढत गेले तर पट्टी बरोबर बसली आहे. पाय समोर ठेवण्याचा दुसरा फायदा असा की रेघा चकतीच्या दर्शनी कडेला टेकतात. त्या तशाच चकतीवर पेन्सिलीने उतरवून घ्या. कोनमापक न वापरता साठ भाग तयार. पट्टीचं टोक साध्या चिकटपट्टीने लावा, ती नंतर सोडवायची आहे.

आकडे आणि काटे

कडेलगत लाल रंगात मिनिटं लिहा: ०, ५, १०, १५… ५५. आत, केंद्रापासून साधारण ६ सेंमीवर, निळ्या रंगात तास: १ ते १२. दोन्ही आकडे एकाच जागी कोंबू नका. मिनिटकाटा लाल, अरुंद, ९ सेंमी लांब, म्हणजे त्याचं टोक लाल खुणांना टेकेल. तासकाटा निळा, जाड, साडेचार-पाच सेंमीचा, म्हणजे निळ्या आकड्यांपाशीच थांबेल. कुठल्या काट्याने कुठले आकडे वाचायचे हे रंगच सांगतो.

मुलांशी बोलताना 'लहान काटा, मोठा काटा' म्हणणं मी सोडून दिलं. तास हा मिनिटापेक्षा मोठा, आणि त्याचा काटा मात्र लहान, यात मुलं हमखास अडखळतात. तासकाटा आणि मिनिटकाटा हेच शब्द बरे.

काटे बसवायला दोन पाय मागे पसरवता येतात ती पितळी पिन वापरा. दोन काट्यांच्या मधे आणि तासकाट्याच्या खाली पातळ प्लॅस्टिकची छोटी गोल चकती घाला. नाहीतर एक काटा फिरवला की दुसराही सोबत ओढला जातो. पिनचे पाय मागे चिकटपट्टीने झाकले तर बोटांना लागत नाहीत. काटा ठेवला तिथे राहायला हवा: घड्याळ उभं धरल्यावर मिनिटकाटा आपोआप खाली घसरत असेल तर पिन सैल आहे.

पहिला दिवस: फक्त तासकाटा

मिनिटकाटा काढून ठेवा. एका काट्याचं घड्याळ मुलांना विचित्र वाटतं, पण वेळ वाचण्यातलं निम्मं शिक्षण इथे होतं. निळा काटा बरोबर तीनवर ठेवा: तीन वाजले. तीनच्या थोडा पुढे सरकवा: तीन वाजून गेलेत. तीन आणि चारच्या मधोमध: साडेतीन. चारच्या अगदी जवळ, पण टेकलेला नाही: चार वाजत आलेत, वाजले मात्र नाहीत.

हा शेवटचा मुद्दा इथे नीट पक्का झाला नाही तर पुढे महिनाभर छळतो. ३:५५ ला तासकाटा जवळजवळ चारवर असतो आणि मुलं बिनदिक्कत 'चार पंचावन्न' वाचतात. म्हणून पहिल्या दिवशीच नियम लावून घ्या: काट्याने जो आकडा ओलांडला, तोच तास. समोर जो येतोय तो अजून यायचाय.

पुठ्ठ्याच्या घड्याळात एक मूळ दोष आहे: त्यात चाकं नसतात, त्यामुळे दोन्ही काटे मोकळे फिरतात. खऱ्या घड्याळात मिनिटकाटा एक फेरी मारतो तेव्हा तासकाटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर गेलेला असतो. हे दाखवायला एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आणा आणि मागची वेळ लावायची चकती मुलांना फिरवू द्या. मिनिटकाटा पळतो, तासकाटा रांगतो. आपल्या पट्टीच्या भाषेत सांगायचं तर एका तासात मिनिटकाटा साठही खुणा पार करतो आणि तासकाटा पाचच.

मग मिनिटकाटा

लाल काटा लावा, निळा काढा. इथे पाचचा पाढा येतो. आकडे छापलेले आहेत म्हणून मुलं लगेच वाचतात, तेवढ्यावर खूश होऊ नका. दोन दिवसांनी लाल आकड्यांवर कागदाचे तुकडे चिकटवून झाका आणि मग विचारा. मधल्या मिनिटांसाठी, समजा २३ साठी, विसावर बोट ठेवून पुढे एकवीस, बावीस, तेवीस.

दोन्ही काटे एकत्र आल्यावर वाचायला कमी आणि लावायला जास्त सांगा. वाचताना मूल अंदाजाने निभावून नेतं. लावताना तासकाटा कुठे ठेवतं त्यावरून सगळं कळतं. 'साडेसहा लाव' म्हटलं की दहातली सहा मुलं दोन्ही काटे सहावर ठेवतात. मग मीच मुद्दाम चुकीची वेळ लावते आणि म्हणते, "हे घड्याळ बिघडलंय, काय बिघडलंय ते ओळखा." मिनिटकाटा सहावर, तासकाटाही सहावर. एका मुलीने बराच वेळ बघून सांगितलं, "मिनिटवाला अर्धा चालला, तर तासवाला पण अर्धा चालायला पाहिजे ना." तिच्यासाठी तो विषय तिथे संपला.

आपल्या भाषेतल्या वेळेच्या शब्दांना मी एक पूर्ण तास देते, कारण ते सुंदरही आहेत आणि फसवेही. सव्वातीन आणि साडेतीनमध्ये 'तीन' ऐकू येतं आणि तास तीनचाच असतो. पण पावणेचारमध्ये 'चार' ऐकू येतं आणि लिहायचं असतं ३:४५. मुलं ४:४५ लिहितात. 'पावणे' म्हणजे पाव कमी, चारला पाव तास कमी, हे तासकाटा चारच्या अलीकडे दाखवूनच समजतं. नियमाने जाणारं मूल 'साडेएक' आणि 'साडेदोन' म्हणणारच. हसू नका, त्याचा तर्क बरोबर आहे, फक्त भाषेने दीड आणि अडीच असे वेगळे शब्द ठेवलेत.

आणि एक बारीक गोष्ट, जी पुढच्या भागाची गुरुकिल्ली आहे. 'दीड वाजला' ही वेळ, 'दीड तास लागला' हा काळ. 'तीन वाजता' आणि 'तीन तास' यांतला फरक मोठ्यांना इतका सवयीचा असतो की तो शिकवायचा राहून जातो. मी जमिनीवर बोट दाखवून सांगते: 'वाजता' म्हणजे एक जागा, 'तास' म्हणजे दोन जागांमधलं अंतर.

पट्टी सोडवा

आता चिकटपट्टी काढा आणि पट्टी जमिनीवर सरळ ठेवा. घड्याळाची कड उलगडली म्हणजे एक तास झाला, हे मुलांनी स्वतःच्या हाताने केलं पाहिजे, म्हणून सोडवायचं काम त्यांचं. तीन गटांच्या तीन पट्ट्या एकीपुढे एक ठेवा, पहिलीची ६० ची रेघ दुसरीच्या ० वर येईल अशा. चिकटवायचं कोरं टोक पुढच्या पट्टीखाली सरकवा. पहिल्या पट्टीच्या सुरुवातीला २ लिहिलेलं निळं कार्ड ठेवा, पहिल्या जोडावर ३, दुसऱ्या जोडावर ४, शेवटी ५. दोन वाजल्यापासून पाच वाजेपर्यंतचा सगळा वेळ जमिनीवर पडलेला आहे.

खेळ २:४० ला सुरू झाला. मूल पहिल्या पट्टीवर ४० पाशी उभं राहतं. ४:१५ म्हणजे तिसऱ्या पट्टीवर १५, तिथे दुसरं मूल. आता पहिल्याने दुसऱ्याकडे उड्या मारत जायचं, पण उडी नेहमी सोयीच्या ठिकाणी संपवायची. २:४० वरून ३ पर्यंत: २० मिनिटं. ३ वरून ४: एक पूर्ण पट्टी, म्हणजे १ तास. ४ वरून ४:१५: १५ मिनिटं. प्रत्येक उडीला एकाने पाटीवर आकडा लिहायचा. २० आणि १५ मिळून ३५. उत्तर १ तास ३५ मिनिटं.

काही मुलं आधी तासाची उडी मारतात: २:४० वरून थेट ३:४०, मग २० मिनिटांनी ४, मग १५. तेही चालतं, आणि मला तर ते जास्त आवडतं, कारण त्यात तास म्हणजे 'पुढच्या पट्टीवर त्याच जागी' हे मुलाने ओळखलेलं असतं.

पडताळा म्हणून मोजायची टेप काढा आणि ४० पासून १५ पर्यंतचं अंतर मोजा. ९५ सेंटिमीटर. मग ९५ सेंमी सुतळी कापून चकतीच्या कडेभोवती गुंडाळा: एक वेढा पूर्ण, आणि पुढे काटा ३५ वर जाऊन थांबतो तिथपर्यंत सुतळी येते. १ तास ७५ मिनिटं लिहिणाऱ्या मुलाला मी काहीच समजावत नाही. त्याला तेवढी सुतळी कापायला सांगते, ६० आणि ७५, म्हणजे १३५ सेंमी. ती २:४० पासून ठेवली की ४:५५ वर जाते. चूक त्याच्या पायाशी पडलेली असते, चाळीस सेंटिमीटर लांब.

मोजताना हमखास होणारी चूक

सुरुवातीची रेघच 'एक' म्हणून मोजणं. पट्टीवर ती एका मिनिटाची चूक असते, घड्याळावर आकडे धरून मोजताना पाच मिनिटांची होते: आठच्या आकड्यावरून निघालेलं मूल आठवर बोट ठेवूनच 'पाच' म्हणतं, आणि बारापर्यंत २० ऐवजी २५ करतं. उत्तर सतत ५ ने जास्त येत असेल तर हेच झालंय असं समजा. उपाय म्हणजे रेघा न मोजता रेघांमधल्या जागा मोजायला लावणं. उभं राहिलं ते शून्य, पहिली उडी पडली की पाच.

प्रश्न कुठल्या क्रमाने द्यायचे याबद्दल माझं मत ठाम आहे. आधी एकाच तासातले: ३:१० ते ३:४५. मग सुरुवात आणि कालावधी देऊन शेवट विचारा: ३:२० ला सुरू, २५ मिनिटं चाललं. तास ओलांडणारे आणि पूर्ण तासापेक्षा मोठे त्यानंतर. शेवट देऊन सुरुवात विचारायचे प्रश्न दुसरीत दोन-चार पुरेत, तेही पट्टीवर मागे चालत. वहीत नकोत. दोन वेळा कागदावर एकीखाली एक लिहून उभी वजाबाकी करणं या वयात मी शिकवतच नाही. पट्टी जमिनीवरून वहीत येते ती एका आडव्या रेघेच्या रूपात: रेघ मारायची, सुरुवात आणि शेवट लिहायचे, वर उड्यांच्या कमानी काढायच्या. रेघ प्रमाणात नसली तरी आता चालतं, कारण खरी लांबी मुलांच्या पायांना माहीत झालेली असते.

बारा ओलांडणारे प्रश्न सगळ्यात शेवटी. ११:५० ते १:०५. आकडा मोठ्यावरून लहानावर आला की मुलं गांगरतात. पट्टीवर मात्र काहीच वेगळं घडत नाही: पहिल्या पट्टीच्या सुरुवातीला ११ चं कार्ड, जोडावर १२, पुढच्या जोडावर १. दहा मिनिटांची उडी, एक पूर्ण पट्टी, पाच मिनिटांची उडी. १ तास १५ मिनिटं, म्हणजे सव्वा तास. इथे एखादं मूल विचारतंच की बारानंतर तेरा का नाही. तेव्हा पट्टी पुन्हा चकतीभोवती गुंडाळायला द्या आणि निळे आकडे बोटाने गिरवत त्यालाच तेरावा शोधू द्या.